टपालात न पडलेली पत्रं

रिओ दि जानेरोच्या मुख्य रेल्वे स्थानकात एक बाई टेबल-खुर्ची टाकून बसलेली असते. नाव डोरा, निवृत्त शाळामास्तरीण. ज्यांना लिहिता येत नाही अशी माणसं तिच्यापुढे रांग लावतात आणि तोंडी मजकूर सांगतात. कुणाला तुरुंगातल्या माणसाला प्रेमपत्र धाडायचं असतं, कुणाला दूर गावाकडच्या नातेवाइकांना खुशाली कळवायची असते. डोरा पत्र लिहिण्याचे पैसे घेते, टपालात टाकण्याचे वेगळे घेते. संध्याकाळी घरी गेली की ती पत्रं मैत्रिणीसमोर मोठ्याने वाचते, दोघी हसतात. काही पत्रं तिथेच फाटतात, काही खणात जातात. पैसे मात्र दोन्हींचे वसूल झालेले असतात.

'सेंट्रल स्टेशन' हा ब्राझीलचा सिनेमा 1998 साली आला. दिग्दर्शक वाल्टर सालेस. बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार, 'गोल्डन बेअर' मिळाला आणि डोरा झालेल्या फर्नांडा मोंतेनेग्रो यांना अभिनेत्रीचा पुरस्कार. रोड मूव्ही म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हा सिनेमा पाहायला सांगतो. या लेखात त्याची गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे. ज्यांना ती आधी कळायला नको असेल त्यांनी अंक इथेच मिटून आधी सिनेमा पाहावा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. रोड मूव्ही या म्हणीशी दोन तास हुज्जत घालते. एक माणूस आपली खोड घेऊन निघतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत ती जरा सैल झालेली असते, कधी सुटलेली असते. हे प्रवासातच का जमतं? 'प्रवासाने माणूस समृद्ध होतो' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. आयुष्यभर रस्त्यावर असलेले ट्रकवाले, फिरतीवरचे विक्रेते आणि महिन्याला चार विमानं बदलणारे साहेब काही सगळेच संत झालेले नाहीत. त्यामुळे कारण प्रवासाच्या पुण्याईत शोधण्याऐवजी गोष्टीच्या बांधणीत शोधावं लागतं.

घरी आपली खोड सांभाळायची सगळी सोय असते. डोराकडेच पाहा. टेबल आहे, म्हणून ती 'लिहिणारी' आणि समोरचा 'अडलेला'. खण आहे, म्हणून पत्रांचं काय झालं ते कुणाला कळत नाही. हसायला आयरीन नावाची मैत्रीण आहे आणि दार लावून घ्यायला फ्लॅट आहे. या चार गोष्टी शाबूत असताना तिच्यासमोर कितीही रडका माणूस आणून बसवा, ती बदलणार नाही. तिला गरजच नाही. प्रवासाची गोष्ट या सोयी एकेक करून काढून घेते आणि मग तीच परीक्षा पुन्हा पुढ्यात ठेवते. हा प्रकार माणूस बदलण्याच्या गोष्टीला मानवतो तो एवढ्याचसाठी.

आता परीक्षा कोणती, ते पाहू. पटकथा मार्कोस बर्नस्टाइन आणि जोआव इमान्युएल कार्नेरो या दोघांची. त्यांनी डोराच्या बदलाचं मोजमाप तिच्या बोलण्यावर ठेवलेलं नाही. ते ठेवलंय पत्रांवर.

ॲना नावाची एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला, जोसुएला, घेऊन डोराकडे येते. मुलाच्या बापाला पत्र लिहायचं असतं. बाप ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या, गरीब मुलखात राहतो आणि मुलानं त्याला कधी पाहिलेलं नाही. पहिलं पत्र रागाचं असतं. नंतर ॲना परत येते आणि जरा मऊ भाषेतलं दुसरं पत्र सांगते. स्थानकाबाहेर पडताच बसखाली येऊन ती मरते. पोरगा स्थानकातच राहतो आणि आईचं पत्र डोराच्या खणात.

डोरा त्याला घरी आणते, तेव्हा आपल्याला वाटतं, चला, बाईला पाझर फुटला. पण दुसऱ्या दिवशी ती त्याला एका जोडप्याच्या हवाली करते. परदेशात दत्तक जाईल, असं तिला सांगितलेलं असतं. बदल्यात मिळालेल्या पैशांतून ती रिमोटवाला नवा टीव्ही घेते. आयरीन तिला सुनावते की, एवढ्या मोठ्या पोराला कुणी दत्तक घेत नाही, त्याचे अवयव काढून विकतील. रात्रभर तळमळून डोरा सकाळी त्याला तिथून पळवून आणते. आता ज्यांचे पैसे घेतले ती माणसं मागे लागणार, म्हणजे घरही गेलं आणि टेबलही गेलं. ती पोराला घेऊन बापाच्या गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नवख्या लेखकांच्या हातून हमखास सुटते. डोरा प्रवासाला निघते ती चांगली झाली म्हणून नव्हे. ती निघते कारण मागे राहणं धोक्याचं झालंय. निघतानाच माणूस सुधारलेला असेल तर पुढचे शेकडो किलोमीटर कशासाठी?

म्हणूनच बसमध्ये बसल्यावरही ती डोराच असते. वाटेत एका थांब्यावर पोरगा झोपलेला पाहून ती चालकाच्या हातात पैसे ठेवते, याच्याकडे लक्ष ठेवा म्हणते आणि स्वतः मागे राहते. बस निघून जाते. वळून पाहते तर पोरगा तिथेच बसलेला. तोही उतरलाय आणि ज्या पिशवीत पैसे होते ती बसमध्येच राहिलीय. आता पैसेही गेले. पुढे एक सेझार नावाचा देवभोळा ट्रकवाला त्यांना गाडीत घेतो. त्याच्याशी बोलता बोलता डोराला तो आवडू लागतो. ढाब्यावर ती त्याचा हात हातात घेते, मग स्वच्छतागृहात जाऊन दुसऱ्या बाईकडून लिपस्टिक मागून ओठांना लावते. बाहेर येते तोवर ट्रक निघून गेलेला असतो. तेव्हा तिला रडू येतं आणि समजूत घालायला उरतो तो हा नऊ वर्षांचा पोरगा. ज्या पोराला ती वाटेत सोडून जाणार होती, त्याच्यासमोर तिलाच सोडून जातात. कुणी भाषण देत नाही. बाजू फक्त उलटी होते.

यानंतर हातातलं घड्याळ देऊन ती दोघं यात्रेकरूंनी भरलेल्या ट्रकमध्ये जागा मिळवतात. बापाच्या पत्त्यावर पोचतात तर तिथे भलतंच कुटुंब राहतंय, बाप घर सोडून गेलाय. त्या रात्री गावात मोठी यात्रा भरलेली असते. हजारो मेणबत्त्या, नवस बोलणारी माणसं, गर्दी. उपाशी, थकलेली डोरा पोरावर ओरडते. तू जन्मालाच यायला नको होतास, अशा अर्थाचं बोलते. पोरगा गर्दीत पळतो, ती मागे धावते आणि नवसाच्या वस्तूंनी भरलेल्या एका खोलीत चक्कर येऊन पडते. सकाळी जाग येते तेव्हा तिचं डोकं पोराच्या मांडीवर असतं.

हा सिनेमाचा तळ आहे. इथून पत्रं परत येतात. पैसे नाहीत, पोटात काही नाही, आणि पोरालाच कल्पना सुचते की, यात्रेकरूंची पत्रं लिहून द्या. तो ओरडून गिऱ्हाईक गोळा करतो. घरच्यांना धाडायचे निरोप, देवाला सांगायचे आभार, जो जे सांगेल ते डोरा लिहिते. काम तेच, पैसे तेच, पण आता खण नाही आणि हसायला आयरीन नाही. रात्री खोलीत त्या पत्रांचं काय करायचं हा प्रश्न निघतो, तेव्हा आपल्याला ठाऊक असतं की, पूर्वीची डोरा काय करेल. सकाळी ती टपाल कचेरीत जाते.

परीक्षा अजून संपलेली नाही. शेवटी दोघं बापाच्या नव्या घरी पोचतात. बाप तिथेही नसतो. भेटतात ते जोसुएचे दोन थोरले सावत्र भाऊ, सुतारकाम करणारे. बापानं ॲनाला लिहिलेलं एक पत्र त्यांच्याकडे कधीचं पडून असतं. वाचता येत नाही म्हणून ते डोराला वाचायला सांगतात. ती वाचते आणि वाचता वाचता मजकुरात नसलेलं जोसुएचं नाव स्वतःच्या पदरचं घालते. स्थानकातल्या टेबलावर बसून ती जे करत होती तेच ती इथे करते. दुसऱ्याच्या पत्राशी अप्रामाणिकपणा. तिथे तो लोकांना फसवायला होता, इथे तो एका पोराला बाप मिळवून द्यायला आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्या घरातून एकटीच निघते, बसमध्ये बसते आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता, पैसे न घेता, स्वतःचं पत्र लिहायला घेते.

बाप शेवटपर्यंत भेटत नाही, हे ध्यानात घ्या. ज्यासाठी निघाले ते मिळालंच नाही तरी सिनेमा अपुरा वाटत नाही. कारण बाप शोधणं हे बाहेरचं निमित्त होतं. पाहणाऱ्याच्या मनातला खरा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत पेरला गेला होता : ही बाई पत्र टपालात टाकेल का?

छायालेखक वाल्टर कार्व्हालो यांनी हा बदल कॅमेऱ्यातही ठेवलाय. स्थानकातली दृश्यं अशा भिंगातून घेतली आहेत की, चेहरा तेवढा स्पष्ट आणि मागची गर्दी धूसर. डोराला माणसं दिसतच नाहीत, तशी आपल्यालाही दिसत नाहीत. ईशान्येकडे सरकताना चौकट रुंदावते, दूरवरचा डोंगर आणि जवळचा माणूस दोन्ही नीट दिसू लागतात. सिनेमा पहिल्यांदा पाहताना हे बहुधा कळत नाही आणि कळू नये अशीच योजना आहे.

वाहनाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. डोराची बस, मग ट्रकची केबिन, मग यात्रेकरूंच्या ट्रकचा उघडा हौदा. प्रत्येक वाहन आधीच्यापेक्षा कमी खासगी. बसमध्ये तिची स्वतःची सीट होती, शेवटी मांडीला मांडी लावून बसणं आलं. कुठल्या वाहनातून जायचं हे ठरलं की वाटेत कोण भेटणार आणि किती वेळ भेटणार हेही ठरतं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे डेव्हिड लिंच यांचा 'द स्ट्रेट स्टोरी' (1999). गोष्ट खरी घडलेली. 1994 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला ॲल्विन स्ट्रेट हा 73 वर्षांचा म्हातारा आजारी भावाला भेटायला निघाला. डोळे अधू असल्यामुळे गाडी चालवायचा परवाना नव्हता. मग त्यानं गवत कापायच्या यंत्राला मागे छोटी गाडी जोडली आणि विस्कॉन्सिनपर्यंतचं सुमारे 240 मैलांचं, म्हणजे 385 किलोमीटरांच्या आसपासचं अंतर त्यावर बसून काटलं. सहा आठवडे लागले. भावाशी त्याचा अबोला होता. हेच अंतर मोटारीनं अर्ध्या दिवसाचं. मग सिनेमा कसला झाला असता? तासाला जेमतेम आठ किलोमीटर जाणाऱ्या माणसाला पळून आलेली पोरगी भेटते, सायकलस्वारांचा घोळका भेटतो, महायुद्धात लढलेला दुसरा म्हातारा भेटतो आणि प्रत्येकाशी बोलायला वेळ असतो. भावाची माफी मागायला निघालेल्या माणसाला अहंकार गिळायला जितका वेळ हवा, तितका वेळ ते यंत्र घेतं. लिंच यांनी चित्रीकरणही ॲल्विनच्याच वाटेनं, त्याच क्रमानं केलं.

रेल्वेचं गणित आणखी निराळं. सत्यजित राय यांच्या 'नायक'मध्ये (1966) अरिंदम मुखर्जी हा बंगाली सिनेमाचा मोठा नट पुरस्कार घ्यायला कलकत्त्याहून दिल्लीला रेल्वेनं निघतो. अदिती सेनगुप्ता बायकांसाठीचं मासिक चालवते. ती मुलाखत घ्यायला म्हणून डायनिंग कारमध्ये त्याच्यासमोर बसते आणि नट तिला भलतंच सांगू लागतो : दुखावलेली माणसं, तोडलेली मैत्री, पैशात बुडायची स्वप्नं. रेल्वेतली सोबत सकाळी संपणार हे दोघांना ठाऊक असतं, म्हणूनच जे घरी बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं. शेवटी अदिती सगळं टिपलेलं फाडून टाकते. आणि नट? दिल्लीच्या फलाटावर हारतुरे घेतलेली गर्दी त्याची वाट पाहत असते आणि तो पुन्हा नायक होऊन तिच्यात शिरतो. मोकळं होणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रायना पक्कं ठाऊक होतं. बदलायला त्याच परीक्षेतून पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि एका रात्रीच्या गाडीत तेवढे थांबे नसतात. म्हणून मी 'नायक'ला या प्रकाराची मर्यादा दाखवणारा सिनेमा मानतो. अर्थात सिनेमा म्हणून तो यादीतल्या बहुतेकांपेक्षा सरस आहे, तो भाग वेगळा.

मराठीत पाहायचं तर मंगेश जोशी यांचा 'कारखानीसांची वारी' आहे. घरच्या कर्त्याच्या अस्थी घेऊन पुण्याचं एकत्र कुटुंब एका गाडीतून पंढरपूरच्या वाटेला लागतं. एरवी घरात जो तो आपापल्या खोलीत जाऊन बसतो. गाडीत खोल्या नसतात आणि मध्येच उतरून निघून जायची सोय नसते, कारण मांडीवर अस्थींचा कलश आहे. 2020 साली टोकियोच्या महोत्सवात तो दाखवला गेला. विनोदी अंगानं जाणारा आहे, त्यामुळे सुरुवात करायला सोपा.

आता लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण नकाशापासून करतात. कोकण ते लडाख, मध्ये अमुक ढाबा, तमुक घाट. माझं म्हणणं, नकाशा शेवटी उघडा. आधी खोड शोधा. तीही अशी की, जी हाताने केली जाते आणि कॅमेऱ्याला किंवा वाचकाला डोळ्यांनी दिसते. 'तो स्वार्थी आहे' ही खोड नव्हे, तो शेरा झाला. 'ती पत्रं टपालात टाकत नाही' ही खोड.

आपल्याकडचं एक उदाहरण बांधून पाहू. एसटीचा एक निवृत्त कंडक्टर घ्या, नाव दत्ताराम. एसटीतून फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की, सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो आणि उतरताना ती मागून घ्यायची असते. घाईत माणसं विसरतात. दत्तारामची खोड अशी की, विसरणाऱ्याला त्यानं कधी हाक मारली नाही. चोरी म्हणावी अशी ती नाही. कुणी मागितलं तर तो लगेच देई. एकदा चेकिंग लागली, पिशवीत हिशेबापेक्षा जास्त रक्कम निघाली आणि तो निलंबित झाला. त्याचा समज असा की, बरोबरीच्या ड्रायव्हरनं, बाबूरावनं चुगली केली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

दुसरं काम म्हणजे सोबती ठरवणं. त्याला वाटेत टाकून जाता येऊ नये आणि त्याला हवं ते पहिल्याच्या उलट असावं. म्हणून सोबती बाबूरावच. आगारातल्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लातूरला लग्न आहे. बाबूरावच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, त्याला कुणीतरी न्यायला हवं आणि चिपळूणहून जाणारा दुसरा कुणीच नाही. दत्तारामला तडक जाऊन तडक परतायचंय. बाबूरावला वाटेत पंढरपूरला उतरून विठोबाचं दर्शन घ्यायचंय. तारीख पक्की, कारण लग्नाचा मुहूर्त थांबत नाही.

तिसरं, सोयी काढून घ्यायच्या. दत्ताराम आपला निवृत्तांचा पास घरी विसरतो आणि 'मी स्टाफ आहे' म्हणतो. पोरसवदा कंडक्टर यंत्रातून तिकीट काढून हातात देतो. मास्तर म्हणून मिळणारा मान पहिल्या पानावरच गेला. मोबाइलचंही इथेच काहीतरी करावं लागतं. 'सेंट्रल स्टेशन'च्या काळी तो सर्रास प्रत्येकाच्या हातात नव्हता. आजच्या गोष्टीत हरवलेली पिशवी फोनवरून पैसे मागवून दोन मिनिटांत निकाली निघते. तेव्हा फोन साधा, बटणांचा द्या आणि त्याची बॅटरी संपलेली असू द्या. पण हे वाचकाला आधीच दाखवा. नेमक्या अडचणीच्या वेळी बॅटरी संपली की, वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

आणि मग नकाशा. चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, पंढरपूर, बार्शी, लातूर. परीक्षा एकच : बाकी. चिपळूणला नवा कंडक्टर दत्तारामच्या तिकिटामागे तीस रुपये बाकी लिहितो. घाट लागायच्या आत दत्तारामनं ते दोनदा मागितलेले असतात. स्वतःचे पैसे तो विसरत नाही, एवढं कळलं. कराडला अर्धं तिकीट काढून बसलेली एक बाई झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन घाईनं उतरते. तिच्या तिकिटामागचा चाळीसचा आकडा दत्तारामनं पाहिलेला असतो. तो तोंड उघडतो आणि मिटतो. "काय झालं, मास्तर?" बाबूराव विचारतो. "काही नाही." बाबूरावला दिसत नाही, पण इतकी वर्षं आरशातून नव्हे, कानांनी गाडीच्या मागचा अंदाज घेतलेला माणूस आहे तो.

पंढरपूरला बाबूराव ऐकत नाही, उतरून चालू लागतो. त्याला शोधायला दत्ताराम उतरतो आणि बस निघून जाते. पैशांची पिशवी सीटवर. पुढच्या गाडीचं तिकीट बाबूराव काढतो. आयुष्यात पहिल्यांदा बाकी दत्तारामच्या नावावर आहे. "लिहून ठेव," तो म्हणतो. "मला दिसतंय होय?" बाबूराव म्हणतो. मग दत्ताराम स्वतःच तिकिटामागे आपली बाकी लिहितो आणि ते तिकीट बाबूरावच्या खिशात सरकवतो. कंडक्टरनं प्रवाशाला द्यायचं ते आता प्रवासी झालेला कंडक्टर देतो. लातूरच्या अलीकडे एक कॉलेजचा पोरगा डुलक्या घेत घेत उतरायला निघतो. दत्ताराम उठतो आणि खणखणीत आवाजात ओरडतो, "ओ मास्तर, याची बाकी!" बाबूराव ऐकतो. झालं. निलंबनाचा विषय दोघांपैकी कुणी काढत नाही. चुगली बाबूरावनं केली होती की नव्हती, हे लेखकानं स्वतःपुरतं ठरवून ठेवावं, लिहू नये.

हे कच्चं टाचण आहे, पण ते उभं राहतं की नाही हे तपासायची एक साधी रीत यावर करून पाहता येते. दोन थांब्यांची अदलाबदल करा. कराडचा प्रसंग पंढरपूरनंतर नेला तर? स्वतः देणेकरी झालेला माणूस पुन्हा गप्प बसला, म्हणजे तो निगरगट्ट ठरतो आणि लातूरची हाक खोटी वाटते. अदलाबदलीनं गोष्ट मोडली, म्हणजे बांधणी बरी आहे. अनेक प्रवासकथांत काहीही मोडत नाही. ढाब्यावरचा प्रसंग घाटाच्या आधी घ्या की नंतर, फरक पडत नाही. असे प्रसंग कितीही गमतीचे असले तरी त्यांतून माणूस बदलत नाही, फक्त अंतर कापलं जातं.

दुसरा ठरलेला घोटाळा म्हणजे वाटेत भेटणारा शहाणा. चहावाला, साधू, परदेशी पर्यटक, कुणीही असो. तो नायकाला दोन वाक्यांत आयुष्य समजावतो आणि नायकाचे डोळे उघडतात. अशा पात्राचा सगळा संवाद खोडून पाहा. नायक तरीही पुढच्या थांब्यावर तसाच वागत असेल तर शहाण्याला गाडीतून उतरवा. वागत नसेल तर आणखी वाईट, कारण बदल प्रसंगातून न येता उपदेशातून आलाय. 'सेंट्रल स्टेशन'मधला ट्रकवाला सेझार धार्मिक आहे, भला आहे, त्याला शहाणा करणं सहज शक्य होतं. लेखकांनी त्याला पळपुटा केला, आणि डोराला जे कळायचं ते त्याच्या पळण्यातून कळलं.

तिसरा दोष हिंदी सिनेमानं आपल्याला लावलेला : गाडी, मोकळा रस्ता, खिडकीबाहेर काढलेला हात आणि पार्श्वभूमीला गाणं. गाणं संपतं तेव्हा माणूस बदललेला असतो. कुठे बदलला हे विचारायची सोय नसते. गाणं ठेवायला हरकत नाही, पण बदल त्याच्या आधी किंवा नंतर एखाद्या कृतीत घडवा.

बदल किती मोठा करायचा, यावरही आवर हवा. दत्ताराम लातूरला गावजेवण घालणार नाही, जुन्या सगळ्या प्रवाशांचे पैसे परत करणार नाही. एक हाक मारेल. डोरासुद्धा पोराला दत्तक घेत नाही, ती निघून जाते. दोन दिवसांच्या वाटेवर माणूस जेवढा हलतो तेवढाच हलवावा.

सुरुवात म्हणून पंधरा-वीस पानांची कथा किंवा वीस मिनिटांचा लघुपट पुरे. थांबे चारपेक्षा जास्त नकोत आणि ज्या मार्गानं पात्र जाणार त्या मार्गानं, त्याच वाहनानं एकदा स्वतः जाऊन या. बस कुठे किती वेळ थांबते, कुठल्या स्टँडवर कुणाची उतरायची घाई असते, कंडक्टर बाकी कोणत्या पेनानं लिहितो, हे घरी बसून सुचत नाही.

त्याआधी 'सेंट्रल स्टेशन' पाहायला बसाल तेव्हा वही जवळ ठेवा आणि पत्र पडद्यावर येईल त्या प्रत्येक वेळी डोरा त्याचं काय करते, एवढंच टिपा. बाकी गोष्ट आपोआप लक्षात राहते. सिनेमा मूळ पोर्तुगीज आवाजात, खाली अक्षरं लावूनच पाहा. सालेस यांनी स्थानकात टेबल मांडलं तेव्हा तिथली खरीखुरी माणसं मोंतेनेग्रो यांच्यापुढे येऊन बसली आणि आपापली पत्रं सांगू लागली. त्यांतली काही सिनेमात आहेत. डबिंगमध्ये ते आवाज जातात.